कामगाराची परात्मता: पहिल्या वर्षाचा निबंध, चार मुद्दे वेगळे कसे दाखवायचे?

शाल्मली_सातारा
नमस्कार. मी समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. निबंधाचा विषय असा: "कारखान्यातील कामगार उत्पादित वस्तूपासून, कामाच्या प्रक्रियेपासून, सहकाऱ्यांपासून आणि स्वतःपासून कसा परका होतो, ते मार्क्सच्या आधारे स्पष्ट करा." शब्दमर्यादा १५०० आहे.

वर्गात मिळालेल्या टिपणांत चार मथळे आहेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. मी लिहायला बसले की चारही परिच्छेदांत तेच येतं: कामगाराला काम कंटाळवाणं वाटतं, त्याला आनंद मिळत नाही, तो दुःखी असतो. मैत्रिणीने वाचून विचारलं, "मग हे चार कशाला, एकच आहे की!" तिचं बरोबर वाटतं. हे चार मुद्दे खरंच वेगळे आहेत का? आणि आपल्याकडचं एखादं उदाहरण घेता येईल का? टिपणांत फक्त टाचणीचा कारखाना आहे आणि तोही मार्क्सचा नाही, ॲडम स्मिथचा आहे असं आत्ता कळलं.

निरंजन_म
सोपं आहे. मार्क्सच्या मते यंत्रामुळे परात्मता, म्हणजे हे परकं होणं, येते. पूर्वीचा कारागीर अख्खी वस्तू स्वतः घडवायचा. यंत्र आलं, कामाचे तुकडे झाले, कामगार यंत्राचा एक भाग झाला. सर्वांत चांगलं उदाहरण फोर्डचं. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आला. एका गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, ते काम काही महिन्यांत दीड तासावर आलं. माणसं इतकी कंटाळली की त्या वर्षी नोकरी सोडण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात साडेतीन-चार माणसं बदलली. हे लिही, गुण मिळतील.

अनुजा_मनुष्यबळ
मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडेही कामगारांमध्ये ताण, एकटेपणा, व्यसनं दिसतात. समुपदेशक नेमल्यावर बराच फरक पडला. निबंधात उपायांचा एक परिच्छेद जरूर ठेव: कामात बदल, खेळाच्या स्पर्धा, कुटुंबासह सहल. लोक खूश राहिले की ही समस्या कमी होते.

वसंत_अभ्यासक
शाल्मली, तुझी अडचण नेमकी कुठे आहे ते अनुजाताईंच्या प्रतिसादामुळे स्पष्ट होतंय. त्यांचं काम मोलाचं आहे, पण त्या ज्याबद्दल बोलताहेत ती मनाची अवस्था झाली. मार्क्स १८४४ साली पॅरिसमध्ये जे लिहीत होता ते मनाच्या अवस्थेविषयी नव्हतं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि ती हस्तलिखितं त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत, १९३२ साली बाहेर आली. त्यांत तो विचारतो की कामगाराने केलेलं काम कुणाचं असतं आणि त्यातून बाहेर आलेली वस्तू कुणाची असते. कामगार खूश असो की दुःखी, या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. तुझे चारही परिच्छेद सारखे होतात कारण चारही ठिकाणी तू "त्याला कसं वाटतं" हे लिहितेस. त्याऐवजी "कुणाचा कशावर हक्क आहे" हे लिहायला घेतलंस की चार वेगळ्या गोष्टी दिसायला लागतील.

निरंजन, फोर्डचे आकडे बरोबर आहेत, पण त्या गोष्टीचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, म्हणजे मजुरी दुपटीहून वर गेली, आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. नोकरी सोडून जाणं झपाट्याने कमी झालं. आता सांग, परात्मता कमी झाली का? पट्टा तोच होता, त्याचा वेग ठरवणारा तोच, गाडी ज्याची होती त्याचीच राहिली. मार्क्सने त्याच हस्तलिखितांत म्हटलंय की मजुरी वाढवून दिली तरी ते गुलामाला अधिक चांगला मोबदला देण्यासारखंच आहे. आणि यंत्राला त्याने मूळ कारण मानलेलं नाही. तेच यंत्र वेगळ्या मालकीखाली वेगळं काम करेल, असं त्याचं म्हणणं.

निरंजन_म
यंत्राबद्दल मी घाईत लिहिलं, मान्य. पण पट्ट्यावर दिवसभर एकच बोल्ट पिळणारा आणि अख्खं कपाट बनवणारा पगारी सुतार, दोघंही सारखेच परके असं तुम्ही म्हणताय का? ते मला पटत नाही.

वसंत_अभ्यासक
सारखे नाहीत. वस्तूच्या बाबतीत दोघं सारखे, कपाट सुताराचं नाही. प्रक्रियेच्या बाबतीत सुताराकडे बरंच काही शिल्लक आहे: रंधा कधी मारायचा, सांधा कसा बसवायचा, हे तो ठरवतो. म्हणूनच चार अंगं वेगळी मोजायची. एकात माणूस पूर्ण परका आणि दुसऱ्यात अर्धाच, असं घडू शकतं. तुझी शंका निबंधात घालण्यासारखी आहे.

कांडीवाला
मी लालबागचा. आजोबा रत्नागिरीहून आले ते गिरणीत विणाईला लागले, वडीलही तिथेच. मी स्वतः गिरणीत गेलो नाही, १९८२ च्या संपानंतर जायला काही उरलंच नव्हतं. शाल्मली, तुला उदाहरण हवंय तर साचेखात्याचं घे. साचा म्हणजे माग. विणकराला आमच्याकडे साचेवालाच म्हणायचे.

आजीकडे एक गोधडी होती. तिचं अस्तर कोऱ्या गिरणीच्या कापडाचं होतं आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तेलाची काळसर रेघ होती. मी लहानपणी त्या रेघेवर बोट फिरवत झोपायचो. मोठा झाल्यावर कळलं की ते कापड आजोबांनी विकत घेतलं नव्हतं, त्यांच्या गळ्यात मारलं होतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत ही सर्रास पद्धत होती. कापडात तार सुटली, फट पडली, तेलाचा डाग पडला की तो तुकडा विणकराला द्यायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायचे. तेल साच्याचं असो, सूत कच्चं असो, डाग साचेवाल्याच्या नावावर. मग त्याने तो बाजारात मिळेल त्या भावाला विकायचा, नाहीतर घरात वापरायचा. आजोबांनी आयुष्यभरात मैलोगणती कापड विणलं असेल. त्यातलं घरी आलं ते एवढंच, बिघडलेलं, आणि तेही दंड म्हणून.

शाल्मली_सातारा
काका, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे चांगला ताका विणला तर तो गिरणीचा, आणि बिघडला तर तो तुमच्या आजोबांचा!

वसंत_अभ्यासक
शाल्मली, तुझा पहिला परिच्छेद तुला मिळाला. वस्तूपासून परकेपण म्हणजे नुसतं "वस्तू दुसऱ्याच्या मालकीची" एवढंच मार्क्स म्हणत नाही. तो पुढे जाऊन म्हणतो की कामगाराने घडवलेली वस्तू त्याच्यासमोर एक परकी, विरोधी ताकद म्हणून उभी राहते. विद्यार्थ्यांना हे वाक्य अलंकारिक वाटतं. कांडीवाल्यांच्या गोधडीत ते अक्षरशः खरं आहे: आजोबांच्या हातचं कापड त्यांच्याच पगाराला कात्री लावतंय. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला मर्यादा घातली, रुपयामागे अर्धा आणा. कायदा करावा लागला यावरून पद्धत किती पसरली होती ते दिसतं.

एक सावधगिरी. डागी कापड गळ्यात मारणं बंद झालं म्हणजे हे अंग संपलं, असं लिहू नकोस. दंड हे त्या नात्याचं ठळक रूप होतं. नातं दंडाशिवायही तेच राहिलं.

कांडीवाला
आता प्रक्रियेचं. वडील सांगायचे ते लिहितो. साचेवाला स्वतः "विणत" नाही, विणतो तो साचा. पट्ट्याने चालणारा माग मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकतो. माणसाने करायचं ते इतकंच: धोट्यातली कांडी, म्हणजे सुताची नळी, संपली की साचा थांबवून नवी घालायची, ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली की शोधून गाठ मारायची, कापडावर नजर ठेवायची. कांडी काही मिनिटांत संपते. एका साच्याची भरेस्तोवर दुसऱ्याची संपत आलेली असते. आठ तास माणूस यंत्राच्या हाकेला धावतो. आवाज एवढा की शेजारच्याशी ओठ वाचून बोलायचं. वडील घरी आले की ओरडूनच बोलायचे, आईला वाटायचं रागावलेत.

पण एक सांगतो, त्यांना त्या कामाचा अभिमान होता. "माझे साचे" म्हणायचे. तार तुटणार हे त्यांना आवाजावरून आधी कळायचं. त्यामुळे "कामगाराला काम नकोसं वाटतं" असं सरसकट लिहिलंत तर ते माझ्या वडिलांबद्दल खोटं होईल.

निरंजन_म
मग हे तर मार्क्सच्या विरोधातलं उदाहरण झालं!

वसंत_अभ्यासक
अर्धं विरोधातलं आहे, म्हणूनच वापरावं. "माझे साचे" हा शब्दप्रयोग आणि साच्यांची खरी मालकी यांतली फट बघ. अभिमान वडिलांचा होता, पण दोनाचे तीन साचे करायचे की नाही हे त्यांना कुणी विचारणार नव्हतं. १९२८ मध्ये नेमकं तेच घडलं, आणि तो प्रसंग आकडेमोडीसह लिहिलास तर प्रक्रिया आणि सहकारी हे दोन्ही मुद्दे त्यातूनच निघतील.

मुंबईत विणकर साधारण दोन साचे सांभाळायचा. काही मालकांनी तीन साचे द्यायचं ठरवलं. समज सहा साचे आहेत. दोनाप्रमाणे तीन विणकर लागतात, तीनाप्रमाणे दोन. उरलेल्या दोघांची मजुरी थोडी वाढते, कारण विणकराला कापडावर पैसे मिळायचे, पण साच्यामागचा दर कमी होतो. दीडपट काम, दीडपट पैसे मात्र नाहीत. आणि तिसरा विणकर कुठे जातो? गिरणीच्या दारात. सकाळी भोंग्याआधी तो बदली म्हणून उभा राहतो आणि कोण आलं नाही याची वाट बघतो.

इथे थांबून विचार कर. आत असलेला दिवसभर धावतोय, कारण बाहेर तिसरा उभा आहे. बाहेरच्याचा दिवस भरायचा तर आतला कुणीतरी आजारी पडावा लागतो. दोघं एकाच गावचे असतील, एकाच खोलीत झोपत असतील. ते वाईट माणसं आहेत म्हणून एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यांना तसं उभं केलंय. सहकाऱ्यांपासून परकेपण म्हणजे "कामावर मित्र नसणं" नव्हे, हे यातून दिसतं.

जुई_इचलकरंजी
पण त्याच तीन साच्यांवरून एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने संप झाला ना? दीड लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. सहकारी जर परके असते तर सहा महिने एकत्र राहिले असते का?

कांडीवाला
जुईताई, हेच म्हणायला आलो होतो. खानावळवाल्या बाया उधारीवर जेवू घालायच्या, गावाहून तांदूळ यायचा. गिरणगाव परकं नव्हतं.

वसंत_अभ्यासक
हा प्रश्न खरा आहे आणि मी त्याला गुळगुळीत उत्तर देणार नाही. एक उत्तर असं की आपुलकी होती ती चाळीतली, खानावळीतली, गावकीतली, म्हणजे कारखान्याच्या बाहेरची. मार्क्स म्हणतोच की कामगार काम करत नसतो तेव्हा आपल्या घरी असतो. दुसरं उत्तर असं की कारखान्यानेच हजारो माणसं एका छपराखाली आणली, म्हणून संप शक्य झाला. मग तोच कारखाना तोडतोही आणि जोडतोही. १८४४ च्या लिखाणात तोडण्याची बाजू ठसठशीत आहे, जोडणीची बाजू त्याने नंतर जास्त मांडली. माझं मत दुसऱ्या उत्तराकडे झुकतं, पण पहिल्याला मी चूक म्हणणार नाही.

भीमराव_वरळी
साचेखात्याच्या एकजुटीचं बोलणं चाललंय म्हणून लिहितो. साचेखात्यात आमच्या लोकांना प्रवेश नव्हता. कारण माहीत आहे का? नवी कांडी धोट्यात घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नव्हते. आणि विणाईत मजुरी चांगली होती. आमचे लोक सूतकताईत, कमी पैशांवर. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला. कामगार कामगारापासून परका झाला तो फक्त मालकामुळे, असं या मुलीने लिहू नये.

निरंजन_म
हे मला अजिबात माहीत नव्हतं.

कांडीवाला
भीमराव, आजोबा त्याच खात्यात होते. घरी या गोष्टीवर कधीच कुणी बोललं नाही. तुमचं म्हणणं नाकारता येत नाही.

वसंत_अभ्यासक
भीमराव, तुमचा मुद्दा निबंधात यायलाच हवा. फक्त शाल्मली, तो नेमका कुठे बसतो ते बघ. जात कारखान्याने निर्माण केली नाही, ती आधीपासून होती. त्यामुळे ती मार्क्सच्या 'सहकाऱ्यांपासून परकेपण' या अंगाचं "उदाहरण" आहे असं लिहिलंस तर चूक होईल. उलट असं लिही: मार्क्सच्या मांडणीत माणसं परकी होतात ती श्रमाच्या नात्यातून, पण मुंबईच्या साचेखात्यात ती आत येण्याआधीच एकमेकांना परकी होती, आणि कारखान्याने ती फट मजुरीच्या दरात उतरवून घेतली. ही त्या सिद्धांताची मर्यादा आहे. पहिल्या वर्षाच्या निबंधात एवढी एक मर्यादा पुराव्यासह आली तरी पुष्कळ झालं.

भीमराव_वरळी
"पुष्कळ झालं" हे मला मान्य नाही. मर्यादा म्हणून शेवटी एक परिच्छेद जोडला की मुख्य गोष्ट तशीच राहते. माझ्या मते सुरुवातच तिथून करावी. पण निबंध तिचा आहे.

शाल्मली_सातारा
दोघांचंही लिहून घेतलं, सुरुवात कुठून करायची याचा विचार करते. आता राहिलं "स्वतःपासून". हे मला सगळ्यांत अवघड जातंय. स्वतःपासून परकं होणं म्हणजे स्वतःची ओळख हरवणं, आत्मविश्वास जाणं, असं मी लिहिलंय.

वसंत_अभ्यासक
ते खोड. इथे बहुतेक सगळे घसरतात, कारण "स्वतः" हा शब्द आपण व्यक्तिमत्त्व या अर्थाने घेतो. मार्क्स ज्यापासून माणूस तुटतो म्हणतो ते माणसाचं माणूसपण, माणूस या प्रजातीचा गुण. त्याचा युक्तिवाद असा: प्राणीही घडवतात, पक्षी घरटं बांधतो, मधमाशी पोळं. पण ते तातडीच्या गरजेपुरतं. माणूस गरज नसतानाही घडवतो, विचार करून घडवतो, सुंदर व्हावं म्हणून घडवतो. जे माणसाला माणूस करतं तेच काम कारखान्यात फक्त पोट भरायचं साधन उरतं. साध्य आणि साधन यांची उलटापालट होते.

कांडीवाले, वडील सुट्टीच्या दिवशी काय करायचे? विचारतो त्यामागे कारण आहे.

कांडीवाला
भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आणि गणपतीची मखर करायचे. पुठ्ठा, सुतळी, रंगीत कागद. रात्र रात्र जागायचे, त्याचे पैसे कुणी देत नव्हतं. एका वर्षी नारळाच्या दोऱ्याने जाळी विणली होती, हाताने, साच्यावर असते तशी. आईने विचारलं, दिवसभर तेच करता, परत तेच? ते म्हणाले, "तिथं साचा विणतो. हे मी विणतोय."

वसंत_अभ्यासक
शाल्मली, तुझ्या चौथ्या परिच्छेदाला आणखी काही लागत नाही. फक्त परिच्छेदांचा क्रम बदल. मार्क्स वस्तू, प्रक्रिया, माणूसपण आणि मग इतर माणसं या क्रमाने जातो. सहकारी शेवटी येतात, कारण त्याच्या मते माणूस स्वतःच्या माणूसपणापासून तुटला की दुसऱ्यातलं माणूसपणही त्याला दिसेनासं होतं. आणि "इतर माणसं" यांत सहकाऱ्यांइतकाच मालकही येतो, हे विसरू नकोस.

जुई_इचलकरंजी
माझी एक अडचण राहते आहे. आमच्याकडे घरचे चार यंत्रमाग होते. वडील खर्चीने चालवायचे, म्हणजे सूत व्यापारी देणार, कापड व्यापारी नेणार, आम्हाला मीटरमागे मजुरी. माग आमचे, वीजबिल आमचं, दुरुस्ती आमची. मंदीत व्यापाऱ्याने सूत दिलं नाही की माग बंद. वडील दिवसाला बारा तास स्वतः मागावर उभे असायचे, शेजारी एक कामगार ठेवलेला. आता वडील परके होते की मालक होते? वसंतदादा म्हणतात मालकी बघा. मालकी तर आमची होती.

निरंजन_म
उत्पादनसाधन तुमचं, म्हणजे मालक. सरळ आहे.

जुई_इचलकरंजी
निरंजन, मालकाच्या अंगावरही सुताचा तोच कापूस होता. आणि डागी कापडाची कपात आमच्याही मजुरीतून व्हायची.

वसंत_अभ्यासक
जुई, कपातीचं ऐकून मी थबकलो. सूत आणि कापड दोन्ही त्यांच्या हातात नाही, म्हणजे वस्तूपासून ते कांडीवाल्यांच्या आजोबांइतकेच परके. कामाचा वेग वरवर त्यांच्या हातात, पण मीटरमागचा दर तो वेग ठरवतो. आणि शेजारच्या कामगाराशी त्यांचं नातं मात्र मालकाचं. एकाच माणसात दोन्ही बाजू. मी १८४४ चा मजकूर पुन्हा वाचून बघतो, तिथे कामगार आणि मालक दोन वेगळी माणसं धरलेली आहेत. तुमचे वडील त्यात नीट बसत नाहीत.

शाल्मली_सातारा
पहिल्या परिच्छेदाचा कच्चा मसुदा टाकते:

"मुंबईच्या गिरणीतल्या विणकराने विणलेला चांगला ताका गिरणीचा होता. त्याच्या घरी यायचं ते बिघडलेलं कापड, आणि त्याची किंमत त्याच्या मजुरीतून कापलेली असायची. त्यामुळे त्याला फार दुःख व्हायचं."

कांडीवाला
शेवटचं वाक्य काढ बाळा. आजोबांना दुःख व्हायचं की नाही, ते मला कधी कळलं नाही. कपात व्हायची, एवढं नक्की.